मार्केट प्रोफाइल वाचायचं कसं: अक्षरं, पहिला तास आणि सिंगल प्रिंट

कँडलचा चार्ट रोज बघणाऱ्याने पहिल्यांदा मार्केट प्रोफाइल उघडलं, की समोर अक्षरांची गर्दी दिसते. कुठे एका ओळीत आठ अक्षरं, कुठे एकच. या गर्दीत नवी माहिती मुळीच नसते. अर्ध्या तासाच्या कँडलमध्ये जे असतं तेच इथे असतं, फक्त मांडणी वेगळी. कँडलचा चार्ट भाव कोणत्या क्रमाने फिरला ते दाखवतो. प्रोफाइल दाखवतं की कोणत्या भावाला बाजार किती वेळा परतला आणि कोणता भाव ओलांडून तो मागे न बघता निघून गेला. दिवसात सौदा करणाऱ्याला हा दुसरा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

ही मांडणी शिकागोची. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडवर सौदे करणारे पीटर स्टाइडलमायर यांनी ती विकसित केली आणि १९८०च्या दशकात त्या एक्स्चेंजने ती लोकांपुढे आणली. तिथे धान्याचे आणि बाँडचे सौदे ओरडून, हातवारे करून व्हायचे. आपण इथे निफ्टी फ्युचर घेऊ, कारण आपल्याकडे प्रोफाइल शिकणारा बहुतेक त्यावरच शिकतो. खालचे भाव समजावण्यासाठी मांडलेले आहेत, कुठल्याही खऱ्या तारखेचे नाहीत. पण हाच हिशेब तुम्ही कालच्या चार्टवर करून बघू शकता.

अक्षर म्हणजे काय, आणि ते कोणत्या वेळेचं

एक अक्षर म्हणजे अर्धा तास. सकाळी ९:१५ ते ९:४५ या वेळेत बाजार ज्या ज्या भावाला पोहोचला, त्या प्रत्येक भावासमोर एक A पडतो. ९:४५ ते १०:१५ चा B, १०:१५ ते १०:४५ चा C. असं करत २:४५ ते ३:१५ चा L येतो आणि शेवटचा M फक्त पंधरा मिनिटांचा असतो. M ची अक्षरं नेहमीच कमी दिसतात. ती बघून बाजार शेवटी थंडावला असं म्हणू नये, त्याला वेळच अर्धा मिळालेला असतो.

अशा प्रत्येक अक्षराला टीपीओ म्हणतात. एका ओळीत एका अर्ध्या तासाचं अक्षर एकदाच पडतं. त्या अर्ध्या तासात भाव तिथे दहा वेळा आला तरी एकच आणि एक क्षण टेकून गेला तरी एकच. किती लॉटचे सौदे झाले हे अक्षर सांगत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवा, सिंगल प्रिंटच्या वेळी तिची गरज पडणार आहे.

आधी एकदा हाताने काढा

सॉफ्टवेअर हे सगळं एका क्लिकवर देतं, तरी एक दिवस वहीवर काढावा असा माझा आग्रह आहे. त्यानंतर चार्टवरचं कुठलंही अक्षर कुठून आलं हे विचारावं लागत नाही.

अर्ध्या तासाचा कँडल चार्ट उघडा आणि प्रत्येक कँडलचा फक्त उच्चांक आणि नीचांक लिहून काढा. ओपन आणि क्लोज प्रोफाइलसाठी लागत नाहीत. आपल्या दिवसाची पहिली सहा अक्षरं अशी:

```
A  24821 - 24886
B  24803 - 24868
C  24832 - 24877
D  24844 - 24884
E  24873 - 24948
F  24926 - 24974
```

आता ओळीची उंची ठरवा. निफ्टी पंचवीस हजारांच्या आसपास असताना दहा पॉइंटची ओळ सोयीची पडते. म्हणजे २४,८८० या ओळीत २४,८८० पासून २४,८९० च्या आतले सगळे भाव येतात. A चा नीचांक २४,८२१ आहे, तो २४,८२० च्या ओळीत बसतो. उच्चांक २४,८८६ हा २४,८८० च्या ओळीत. तेव्हा २४,८२० पासून २४,८८० पर्यंतच्या सातही ओळींत एकेक A लिहा. मग B, मग C. प्रत्येक नवं अक्षर त्या ओळीतल्या आधीच्या अक्षराला चिकटवून लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही. दिवस संपेपर्यंत चित्र असं होतं:

```
25000  K
24990  JK
24980  GHJKL
24970  FGHIJKLM
24960  FGHIJKLM
24950  FGHIJKLM
24940  EFGHIJL
24930  EFGI
24920  EF
24910  E
24900  E
24890  E
24880  ADE
24870  ACDE
24860  ABCD
24850  ABCD
24840  ABCD
24830  ABC
24820  AB
24810  B
24800  B
```

चित्राकडे नुसतं बघितलं तरी दोन फुगवटे दिसतात: खाली A ते D चा, वर F पासून पुढचा. मधे E ची बारीक मान आहे. सगळ्यात लांब ओळीला पॉइंट ऑफ कंट्रोल, म्हणजे पीओसी म्हणतात. इथे आठ अक्षरांच्या तीन ओळी आहेत. अशी बरोबरी झाली की रूढ पद्धतीने दिवसाच्या रेंजच्या मध्याला जी ओळ जवळची ती धरतात. मध्य २४,९०० च्या आसपास आहे, म्हणून पीओसी २४,९५०. तुमच्या सॉफ्टवेअरने २४,९६० दाखवला तर घाबरू नका, त्याचा बरोबरीचा नियम वेगळा असेल.

पण संध्याकाळी पूर्ण झालेलं चित्र वाचणं सोपं असतं. सौदा करायचा असतो तो चित्र अर्धवट असताना. म्हणून आता याच दिवसाकडे घड्याळाप्रमाणे परत जाऊ.

सव्वादहा: पहिला तास संपला

A आणि B मिळून जी रेंज होते तिला इनिशियल बॅलन्स म्हणतात, बोलताना आयबी. १०:१५ वाजता दोन आकडे लिहून ठेवायचे. आयबीचा उच्चांक २४,८८६ (A ने केलेला) आणि नीचांक २४,८०३ (B ने केलेला). रुंदी ८३ पॉइंट.

हे आकडे कँडलवरून घ्या, ओळीवरून घेऊ नका. ओळ पाहिली तर उच्चांक २४,८८० वाटतो आणि २४,८८५ ला भाव आला की आयबी तुटली असं वाटून माणूस खरेदी करून बसतो. आपल्या दिवसात D नेमका २४,८८४ पर्यंत जाऊन परत फिरला होता.

पहिल्या तासालाच इतकं महत्त्व का? शिकागोच्या पिटमधलं निरीक्षण असं होतं, की सुरुवातीला रोजचे स्थानिक ट्रेडर आपापसात भाव खालीवर करून बघतात आणि दोन्ही बाजूंचे सौदे ज्यात होतील अशी एक रेंज ठरते. मोठ्या मुदतीचा, मोठ्या रकमेचा खरेदीदार किंवा विक्रेता नंतर उतरला तर तो ती रेंज मोडतो. तो उतरलाच नाही तर दिवस त्या रेंजमध्येच, किंवा थोडा इकडेतिकडे, संपतो. म्हणजे आयबी ही एक मोजपट्टी आहे. ती पुढची दिशा सांगत नाही. ती मोडली तर कोणीतरी नवा, जोर असलेला माणूस आलाय की नाही हे तपासायला सांगते.

रुंदी वाचताना ठरावीक आकडा डोक्यात ठेवू नका. मागच्या वीस दिवसांच्या आयबीची रुंदी लिहा आणि सरासरी काढा. आजची आयबी सरासरीच्या बरीच खाली असेल तर ती तुटायला फार जोर लागत नाही आणि तुटली तर पुढे मोकळी जागा असते. सरासरीपेक्षा खूप मोठी असेल तर दिवसाची बरीचशी चाल पहिल्या तासातच होऊन गेलेली असू शकते. अशा दिवशी आयबीच्या टोकाला ब्रेकआउट म्हणून उडी मारण्यात धोका जास्त. हा कल आहे, नियम नाही. मंगळवारी निफ्टीची एक्स्पायरी असते, त्या दिवसांची सरासरी वेगळी काढून ठेवली तर तुलना जास्त खरी होते.

एका दिवशी मात्र आयबीवर मी अजिबात भर देत नाही, तो म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचा दिवस. गव्हर्नरांचं निवेदन सकाळी दहाला सुरू होतं, म्हणजे B च्या मधोमध. पहिली पंचेचाळीस मिनिटं सगळे हात राखून बसलेले असतात आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत भाव कुठेही फेकला जातो. ती दोन टोकं म्हणजे बातमीची प्रतिक्रिया असते, ठरलेली रेंज नसते. अर्थसंकल्पाचं भाषण अकराला सुरू होतं, तेव्हा D चालू असतो. त्या दिवशी आयबी सहसा ‘वाट बघणारी’ असते, अरुंद दिसली तरी तिला नेहमीच्या अरुंद आयबीचा अर्थ लावू नये.

आता आयबी तुटली म्हणजे काय? भाव रेषेच्या पलीकडे टेकला एवढंच पुरेसं नाही. मी दोन गोष्टी बघतो. एक, अर्ध्या तासाचं क्लोजिंग आयबीच्या बाहेर झालं का. दोन, पुढच्या अक्षराने आयबीच्या बाहेरच आपली बरीचशी रेंज केली का. दोन्ही झालं तर त्याला रेंज एक्स्टेन्शन म्हणून मान द्यायचा. पहिलंच झालं आणि पुढचं अक्षर परत आत आलं, तर उलट खेळ सुरू होण्याची शक्यता असते. भाव मग आयबीचं दुसरं टोक शोधायला निघू शकतो.

साडेअकरा: मान तयार होताना

सव्वाअकराला E सुरू झाला. भाव २४,८८६ च्या वर गेला आणि थांबला नाही. पावणेबाराला E संपला तेव्हा उच्चांक होता २४,९४८. त्या क्षणी तुमच्या पडद्यावर २४,८९० पासून २४,९४० पर्यंतच्या सहा ओळींत फक्त E होता.

या सहा ओळींना सिंगल प्रिंट म्हणायचं का? अजून नाही. नव्या माणसाची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. चालू अक्षर नवा उच्चांक करतं तेव्हा त्याच्या वरच्या ओळी एकट्याच असणार, दुसरं कुठलं अक्षर तिथे अजून पोहोचलेलंच नसतं. ओळ एकटी दिसते एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढच्या अक्षराला तिथे परतायची पूर्ण संधी मिळाली आणि तरीही ते परतलं नाही, मग त्या ओळींना अर्थ येतो.

म्हणून F चा पूर्ण अर्धा तास वाट बघायची. F खाली आला तो २४,९२६ पर्यंत. त्याने २४,९२०, २४,९३० आणि २४,९४० या तीन ओळी भरल्या. सव्वाबाराला शिल्लक राहिल्या तीनच: २४,८९०, २४,९०० आणि २४,९१०. ह्या आपल्या दिवसाच्या सिंगल प्रिंट. सहाच्या तीन झाल्या, आणि या तीनच कामाच्या.

आता त्यांच्या खऱ्या सीमा काढा. ओळींवरून पट्टा २४,८९० ते २४,९२० असा दिसतो. पण E सोडून कुठलंच अक्षर जिथे गेलं नाही असा नेमका भाग मोठा आहे. खालून A चा उच्चांक २४,८८६ आणि वरून F चा नीचांक २४,९२६, यांच्या मधला. चाळीस पॉइंट. नंतर G आणि I सुद्धा खाली आले, पण २४,९३० च्या ओळीतूनच परतले, त्यामुळे वरची सीमा F चीच राहिली. स्टॉप लॉस ठेवताना हे चार-सहा पॉइंट फार मोलाचे असतात. ओळीच्या कडेला ठेवलेला स्टॉप उडतो आणि भाव खऱ्या सीमेवरून परत फिरतो, असं वारंवार बघायला मिळतं.

या पट्ट्याचा अर्थ काय? खरेदीदाराला घाई होती. २४,८८६ ते २४,९२६ या टापूत थांबून, घासाघीस करून माल घेण्याइतका धीर त्याला नव्हता, किंवा तिथे विकणारेच पुरेसे नव्हते. इथे आधी सांगितलेली मर्यादा आठवा. एकटं अक्षर म्हणजे कमी व्हॉल्यूम, असं नाही. कधीकधी याच चालीत दिवसातलं सगळ्यात मोठं व्हॉल्यूम असतं. अक्षर एवढंच सांगतं की बाजार तिथे पुन्हा आला नाही. व्हॉल्यूम बघायचं असेल तर शेजारी व्हॉल्यूम प्रोफाइल लावा.

सगळी एकटी अक्षरं सारखी नसतात, तेही इथेच बघून घेऊ. चित्राच्या तळाला २४,८०० आणि २४,८१० या दोन ओळींत एकटा B आहे. हे टोकाचं एकटेपण, याला टेल म्हणतात. B खाली गेला, तिथे खरेदी आली, भाव झटकन वर आला आणि C चा अर्धा तास संपेपर्यंत कोणीही तिथे परत गेलं नाही. त्यामुळे पावणेअकराला तो टेल पक्का झाला. टेल म्हणायला निदान दोन ओळी लागतात. सगळ्यात वर २५,००० च्या ओळीत एकटा K आहे, पण ती एकच ओळ. तिला टेल म्हणून तिच्यावर विक्रीचा विचार रचू नये. टेल सांगतो की एका टोकाला भाव नाकारला गेला. मधली सिंगल प्रिंट सांगते की बाजार एक जागा सोडून दुसऱ्या जागी राहायला गेला. आपण पुढे ज्यावर काम करणार आहोत ती ही मधली.

याच कारणाने अशा दिवशी व्हॅल्यू एरिया जपून वापरावा. व्हॅल्यू एरिया म्हणजे पीओसीभोवतीची सुमारे सत्तर टक्के अक्षरं. आपल्या चित्रात एकूण ७४ अक्षरं आहेत. नेहमीच्या पद्धतीने, दोन-दोन ओळी जोडत मोजलं तर तो २४,८७० ते २४,९९० असा येतो. म्हणजे बाजार ज्या पट्ट्यातून पळून गेला तो पट्टाही ‘व्हॅल्यू’ ठरतो. दोन फुगवट्यांच्या दिवशी प्रोफाइल मानेपाशी तोडून दोन वेगळी प्रोफाइल म्हणून वाचावीत. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये स्प्लिटची सोय असते.

दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्याचं करायचं काय

संध्याकाळी वहीत तीन गोष्टी उतरवा: सिंगल प्रिंटचा पट्टा २४,८८६ ते २४,९२६, वरच्या फुगवट्याचा पीओसी २४,९५०, आणि खालच्या फुगवट्याचा दाट भाग, जो २४,८४० ते २४,८८० आहे आणि ज्याचा मध्य साधारण २४,८६० धरता येईल.

समजा दुसऱ्या दिवशी A झाला २४,९३८ ते २४,९७९ आणि B झाला २४,९२९ ते २४,९६६. आयबी २४,९२९ ते २४,९७९, पन्नास पॉइंट, म्हणजे कालच्या ८३ पेक्षा बरीच लहान. सव्वादहानंतर C ने आयबीचा नीचांक तोडला आणि भाव पट्ट्यात शिरून २४,९०४ पर्यंत गेला. आता खरेदी की विक्री? पट्ट्याला हात लागला म्हणून लगेच खरेदी करू नका. C कसा संपतो ते बघा. इथून तीन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता: C चं क्लोजिंग २४,९३१ ला झालं. भाव पट्ट्यात शिरला, तिथे टिकला नाही, आणि पट्ट्यातून बाहेर पडून आयबीच्या आत परत आला. कालच्या घाईच्या खरेदीदाराने आपली जागा राखली असं दिसतं. आता २४,९३१ ला लाँग घ्यायचा विचार करता येतो. स्टॉप कुठे? पूर्ण पट्ट्याखाली, २४,८८२ ला ठेवला तर जोखीम ४९ पॉइंट. आयबीचा उच्चांक २४,९७९, म्हणजे फायदा ४८ पॉइंट. हा सौदा मी सोडून देईन. स्टॉप C च्या नीचांकाखाली २४,९०० ला ठेवला तर जोखीम ३१ आणि फायदा तोच ४८. त्यामागे तर्कही आहे, कारण C चा नीचांक तुटला तर ‘नाकारलं गेलं’ ही आपली समजूतच चुकीची ठरते, मग पट्ट्याच्या तळापर्यंत वाट बघायचं कारण उरत नाही. लॉट ६५चा धरला तर एका लॉटमागे ३१ गुणिले ६५, म्हणजे २,०१५ रुपये पणाला लागतात, ब्रोकरेज आणि कर वेगळे. लॉटचा आकडा एक्स्चेंज बदलत असतं, तेव्हा चालू आकडा तपासून हिशेब करा. पीओसी २४,९५० फक्त १९ पॉइंट दूर आहे. तेवढंच उद्दिष्ट असेल तर सौदा घेऊ नये. तिथे भाव अडखळू शकतो एवढंच लक्षात ठेवावं.

दुसरा रस्ता: C पट्ट्यातच, २४,९०८ ला संपला आणि D ने पूर्ण अर्धा तास २४,८८९ ते २४,९१५ एवढ्यात काढला. आजच्या प्रोफाइलवर काल जिथे एकटा E होता तिथे आता C आणि D अशी दोन अक्षरं आहेत. काल ज्या भावावरून बाजार पळाला, त्याच भावावर आज तो बसून सौदे करतोय. याला पट्टा भरला असं म्हणायचं आणि पट्ट्याच्या आधारावर खरेदी करायचा विचार सोडून द्यायचा. इथून भाव खालच्या फुगवट्याकडे जाण्याची शक्यता वाढते. D २४,८९३ ला संपला असेल तर तिथेच विकून आयबीच्या नीचांकाच्या थोडं वर, २४,९३१ ला स्टॉप ठेवला तर जोखीम ३८ पॉइंट आणि २४,८६० पर्यंतचा फायदा ३३. परवडत नाही. त्याऐवजी E मध्ये भाव २४,९१० च्या आसपास परत वर आला आणि तिथे अडला, तर जोखीम २१ आणि फायदा ५०. तो परत वर आलाच नाही तर सौदा हुकला, हरकत नाही.

तिसरा रस्ता: C थांबलाच नाही, एकाच अर्ध्या तासात पूर्ण पट्टा चिरून २४,८७० च्या खाली गेला. कालची चाल वरच्या दिशेने होती, आजची त्याच जागी खालच्या दिशेने. D चा अर्धा तास वर परतला नाही तर तिथे आजच्या, उलट दिशेच्या सिंगल प्रिंट तयार होतात. अशा वेळी कालचा पट्टा वहीतून खोडायचा आणि आजच्या C च्या सीमा लिहायच्या.

पट्टा ‘भरला’ कधी म्हणायचं यावर प्रोफाइल वापरणाऱ्यांत एकमत नाही. काही जण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भाव गेला की भरला म्हणतात, काही जण नुसता स्पर्शही पुरेसा धरतात. माझं मत असं, की दिवसात सौदा करणाऱ्याने दोन अक्षरांची अट ठेवावी, कारण तिला वेळ लागतो आणि वेळ जाणं हीच प्रोफाइलमधली मुख्य माहिती आहे. यात नुकसानही आहे. तासभर थांबल्यामुळे काही चांगल्या चाली निघून जातात.

चित्र चुकीचं असेल तर

वरचं सगळं नीट करूनही निष्कर्ष चुकतात, आणि बऱ्याचदा दोष सेटिंगमध्ये असतो.

ओळीची उंची बघा. आपलंच चित्र वीस पॉइंटच्या ओळींनी काढलं, २४,८०० पासून सुरू करून, तर २४,८८० आणि २४,८९० एकत्र होतात आणि तिथे A, D, E दिसतात. २४,९०० आणि २४,९१० ची मिळून एकच ओळ E ची उरते. तळाच्या B ची एकच ओळ होते, म्हणजे टेलही गेला. बाजार तोच, दिवस तोच, आणि तीन सिंगल प्रिंटची एक झाली. ओळ पाच पॉइंटची केली तर उलट जिकडेतिकडे एकटी अक्षरं दिसायला लागतात. बरीच सॉफ्टवेअर रेंजप्रमाणे ओळीची उंची आपोआप बदलतात. ते बंद करून एक आकडा पक्का करा, नाहीतर कालचं आणि आजचं प्रोफाइल दोन वेगळ्या मापांनी मोजलं जाईल. उंची बदलली तरी बदलत नाहीत त्या कँडलवरून काढलेल्या सीमा, २४,८८६ आणि २४,९२६. त्या लिहून ठेवायची सवय यासाठीसुद्धा.

मग पहिलं अक्षर तपासा. A बरोबर ९:१५ ला सुरू होतोय का? सेशन किंवा टाइम झोन चुकीचा असेल तर A आधी किंवा नंतर सुरू होतो आणि आयबी भलत्याच तासाची निघते. A आणि B चा उच्चांक-नीचांक अर्ध्या तासाच्या कँडलशी जुळवून बघितला की अर्ध्या मिनिटात कळतं. एमसीएक्सवर क्रूड किंवा सोनं बघत असाल तर सत्र सकाळी नऊ ते रात्री साडेअकरा असेल तेव्हा एकोणतीस अक्षरं होतात. Z संपल्यावर छोटी a, b, c सुरू होतात. तिथे सकाळच्या पहिल्या तासाच्या आयबीचा उपयोगही कमी, कारण क्रूडचा मोठा खरेदीदार-विक्रेता सकाळी नऊला जागाच नसतो. काही जण म्हणून संध्याकाळच्या सत्राचं वेगळं प्रोफाइल काढतात.

शेवटची अडचण महिन्यातून एकदा येते. मासिक एक्स्पायरीनंतर चार्ट पुढच्या महिन्याच्या फ्युचरवर जातो आणि त्या फ्युचरचा प्रीमियम वेगळा असतो. जुन्या महिन्याच्या चार्टवर २४,८८६ ते २४,९२६ असलेला पट्टा नव्या महिन्याच्या भावात त्याच जागी नसतो. रोलओव्हरच्या आठवड्यात दोन्ही महिन्यांचे चार्ट शेजारी लावा आणि न भरलेले पट्टे नव्या महिन्याच्या कँडलवरून पुन्हा काढा. पुढच्या महिन्यात त्या दिवशी सौदे अगदीच तुरळक झाले असतील तर तो पट्टा सोडून द्या.